कोरा रकाना आणि वडिलांचं कर्ज: एका प्रतिक्रियेला उत्तर

«साहेब, उगाच घाबरवता लोकांना. इतर अधिकाराचा रकाना कोरा असला की जमीन बिनबोजाची, एवढं शेतकऱ्याच्या पोराला कळतं. वारसनोंद झाली की विषय संपला. आणि लेख केवढा लांब!»

वडिलोपार्जित जमिनीवरचा कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर कसा तपासावा, या माझ्या लेखाखाली आलेली ही प्रतिक्रिया. लेख लांब झाला, मान्य. पण ‘उगाच घाबरवता’ हे लिहिण्याआधी उतारा खालपर्यंत वाचला असता, तर बरं झालं असतं. माझी निम्मी नोकरी याच दप्तरात गेली आहे, त्यामुळे हा सूर नवा नाही.

रकाना कोरा म्हणजे तिथे आज कोणतीही नोंद नाही, एवढंच. डिजिटल सातबाऱ्यावर त्याच भागात ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ असते. तिथे ‘नाही’ नसेल, तर बँकेचा बोजा किंवा खरेदीची नोंद मंजुरीच्या वाटेवर असू शकते. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. तोवर ती सातबाऱ्यावर उतरत नाही. शिवाय मूळ कागद बँकेकडे ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दिलेली असते, पण सातबाऱ्यावर कधी ती पोचलेलीच नसते. म्हणून तिथेही शोध घ्यावा लागतो.

‘वारसनोंद झाली की विषय संपला’ हे तर साफ चूक आहे. समजा, गट 142 वर वडिलांच्या नावे ‘बोजा ₹2,00,000 (1932)’ आहे. वडील वारल्यावर फेरफार 2417 ने आई, मुलगा आणि विवाहित मुलगी यांची नावं लागली. वडिलांच्या नावावर रेघ आली, बोजा मात्र जागच्या जागी. कंसातला 1932 हा बोज्याचा फेरफार क्रमांक. त्याची नक्कल काढा. कोणती बँक, कोणते गट, किती रक्कम, सगळं त्यात असतं. गट एकच दिसतोय म्हणून थांबू नका: आठ-अ काढून वडिलांच्या खात्यातले बाकीचे गटही त्या नक्कलेशी ताडून बघा, कारण एका कर्जाला अनेक गट गहाण असू शकतात.

कर्ज फिटलं असलं तरी नोंद आपोआप जात नाही. बँकेचं किंवा सोसायटीचं बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) अर्ज करायचा, नवा फेरफार प्रमाणित होऊ द्यायचा, मग नवा उतारा काढून 1932 च्या नोंदीवर रेघ आली का ते बघायचं. थकीत असेल तर देणं वारशात आलेल्या मालमत्तेपुरतं वारसांवर येतं, आणि वाटणीत गट फोडला तर बोजा प्रत्येक हिश्श्यावर चालत जातो.

बाकी ‘पोराला कळतं’ म्हणालात, तर कळू द्या. तुमच्या उताऱ्यावरची प्रलंबित फेरफाराची ओळ तेवढी इथे लिहा, मग पुढचं बोलू.