बासरीला बोलू द्या की, अध्यक्ष!

गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं झाली की दीड मिनिटाची चित्रफीत करायची ठरते. पडद्यावर जुने फोटो, मागे बासरी-तबला आणि वर निवेदन. 'संगीत काय, मागे वाजत राहील' असं म्हणून समिती २४० शब्दांची संहिता हातात ठेवते. तिथून पुढे बासरीचे हाल बघवत नाहीत.

आधी साधा हिशेब करू. समजा, धून तीनतालात आहे आणि लय मिनिटाला ८० मात्रांची. म्हणजे १६ मात्रांचं एक आवर्तन १२ सेकंदांचं आणि आठ आवर्तनांची धून ९६ सेकंदांची. शांत मराठी निवेदन सेकंदाला फार तर दोन शब्द बोलतं. त्यामुळे २४० शब्दांना १२० सेकंद लागतात, आणि तेही निवेदकाने श्वास न घेता. संगीत संपतं, कलाकार घरी जातात, निवेदन अजून माजी सरपंचांपाशीच असतं.

म्हणून मी आवर्तनं वाटून घेते. पहिलं बासरीचं, कारण धून ओळखीची झाल्याशिवाय तिची कुणाला आठवण येणार? चौथं आणि आठवंही तिचंच. उरलेल्या पाचांत प्रत्येकी २० शब्द, एकूण १००. हा आकडा ऐकून समितीचा चेहरा बिल वाढवून सांगितल्यासारखा होतो.

शब्द मोजताना मराठी फसवते. '१९२४' कागदावर एक शब्द. तोंडात 'एकोणीसशे चोवीस'. 'रु. २५,००,०००' वाचताना तर अख्ख्या दोन मात्रा खाऊन वर ढेकर देतो. आकडे अक्षरात लिहून काढा, मगच मोजा. दुसरी चोरी वाक्याच्या शेपटीत असते. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि सरकारी वळणाची भाषा त्याला तीन डबे जोडते. हे पाहा:

'सदर वाचनालयाची स्थापना गावातील काही ज्येष्ठ व प्रतिष्ठित नागरिकांच्या पुढाकाराने इ. स. १९२४ साली करण्यात आली होती.'

यातून डोळ्यांपुढे काहीच येत नाही, आणि बासरी जिथे उचलायची तिथे 'करण्यात आली होती' आडवं पडलेलं असतं. त्याऐवजी:

'सुरुवात झाली एकोणीसशे चोवीस साली. गावात वीज नव्हती. एक कपाट, चाळीस पुस्तकं आणि एक कंदील.'

पंधरा शब्द, साडेसात सेकंद. तिसऱ्या आवर्तनात पाचव्या मात्रेवर सुरू केलं, तर चौदावी संपता संपता 'कंदील' येतो. उरलेल्या दोन मात्रांच्या दीड सेकंदात संगीताचा आवाज हळूहळू चढवायचा आणि चौथ्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, बासरी मोकळी. ऐकणाऱ्याच्या मनात कंदील पेटलेला असतो, म्हणून ती १२ सेकंदं रिकामी वाटत नाहीत. हीच जागा देणगीदारांच्या यादीच्या मध्ये ठेवली, तर निवेदकाला पुढचं नाव आठवत नाहीये असं वाटतं.

तीन-चार सेकंदांच्या फटी मात्र ठेवू नयेत. एवढ्यात सुरावट पूर्ण होत नाही. संगीत वर येतं, लगेच खाली जातं. ऐकताना शेजारी कुणीतरी दार उघड-बंद करतंय असं वाटतं. संगीत आपोआप खाली-वर करणारी सोय वापरली, तर ती निवेदकाच्या प्रत्येक श्वासाला बासरी उचलते. तिचं परतणं सेकंद-दीड सेकंदापर्यंत लांबवा, नाहीतर हाताने करा. आवाजाखाली संगीत १५ ते १८ डेसिबल कमी पुरतं. तरीही शब्द बुडत असतील, तर मी आधी बासरीवर संशय घेते, कारण तिचे सूर माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात घुसतात. निवेदनाखाली नुसता तानपुरा-तबला ठेवला की भांडण मिटतं.

मोकळ्या जागेनंतरचा पहिला शब्दही जपून निवडावा. कान अजून सुरात असतो, त्यामुळे तिथे नाव किंवा साल ठेवलं तर ते हमखास हरवतं. 'पुढे', 'हळूहळू' असा एखादा बिनमहत्त्वाचा शब्द बळी द्यावा. संगीत त्याच्या अर्धा सेकंद आधी उतरायला लागलं पाहिजे.

आणि मोकळी जागा संहितेत लिहा: '(फक्त बासरी, १२ सेकंद)'. न लिहिलेली जागा समितीच्या लेखी ग्रामपंचायतीचा मोकळा भूखंड असतो. आठव्या आवर्तनात तर 'एवढे एकच आभार' घेऊन कुणीतरी येतंच. त्यांना ते आभार धुनीवर मोठ्याने वाचायला सांगावेत, हातात घड्याळ देऊन. पाचव्या नावाला सम येते. मग ती नावं श्रेयनामावलीत जातात, आणि समितीच्या फोटोखाली बासरी निवांत वाजते.