खासगी पॉलिसीवर टॅक्सी: फॉरवर्ड होणारं अर्धसत्य

«टॅक्सीच्या ॲपवर गाडी लावायला खासगी पॉलिसी पुरते. प्रवासी बसलेला असतो तेवढा वेळ ॲपवाल्यांचा विमा असतो, बाकी वेळ गाडी आपलीच. हप्ता घेतलाय म्हणजे क्लेम द्यावाच लागतो, फार तर पंचवीस टक्के कापतील. थर्ड पार्टीला तर कायद्यानेच पैसे मिळतात. आणि कळणार कोणाला?»

सगळा घोळ त्या ‘बाकी वेळ’मध्ये आहे. ॲपवरच्या गाडीचा दिवस दोन नाही, चार तुकड्यांत मोडतो: ॲप बंद, ॲप चालू पण भाडं लागलेलं नाही, भाडं स्वीकारून प्रवाशाला घ्यायला निघालेली गाडी, आणि प्रवासी आत. धोका सगळ्यात जास्त दुसऱ्या तुकड्यात, कारण तिथे दोन्ही पॉलिसी एकमेकींकडे बोट दाखवतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी यासाठी कायदा केला आहे. भाडं स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंत इतरांच्या नुकसानीसाठी 10 लाख डॉलरचं संरक्षण लागतं. नुसती वाट पाहत असताना मात्र ते एका जखमीमागे 50 हजार, सगळे जखमी मिळून 1 लाख आणि मालमत्तेसाठी 25 हजार डॉलर इतकंच. हे सगळं समोरच्याच्या नुकसानीचं झालं. वाट पाहताना तुमची गाडी खांबाला धडकली, तर ॲपवाल्यांचा विमा तुमच्या बंपरला हात लावत नाही. खासगी पॉलिसीतही ॲप चालू झाल्यापासूनचा वापर बहुधा वगळलेलाच असतो. दुरुस्ती खिशातून.

जिथे असा कायदा नाही, तिथे ‘ॲपवाल्यांचा विमा’ म्हणजे नेमकं काय, ते कागद मागवून बघा. बऱ्याचदा तो प्रवाशाचा वैयक्तिक अपघात विमा निघतो: मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठरलेली रक्कम. गाडीचा त्यात उल्लेखही नसतो.

आता हप्त्याचं. हप्ता घेतला हे खरं, पण कशाचा? पॉलिसीच्या पहिल्या एक-दोन पानांवर ‘वापराची मर्यादा’ अशी ओळ असते. भारतातल्या खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत तिचा अर्थ असा, की भाडं किंवा मोबदला घेऊन केलेली वाहतूक, मालवाहतूक, शर्यत वगैरे सोडून कुठलाही वापर चालेल. म्हणजे कंपनीने टॅक्सीची जोखीम उचललेलीच नसते, आणि न उचललेल्या जोखमीचा हप्ताही घेतलेला नसतो.

इथे एक बारकावा लोक हमखास चुकतात. अटीचा भंग एका फेरीपुरता असतो, पण पॉलिसी घेताना दिलेली खोटी माहिती पूर्ण पॉलिसीला चिकटते. ‘वापर कसा?’ या प्रश्नाला ‘वैयक्तिक’ असं उत्तर दिलं आणि गाडी तेव्हाच ॲपवर होती, तर रविवारी घरच्यांना घेऊन जाताना झालेल्या अपघाताचा क्लेमही अडकू शकतो. ब्रिटनमध्ये 2012 च्या ग्राहक विमा कायद्याने याचा हिशेबच घालून दिला आहे. माहिती जाणूनबुजून चुकीची दिली असेल तर पॉलिसी रद्द. निष्काळजीपणे दिली असेल आणि खरं कळल्यावर कंपनीने जास्त हप्ता लावला असता, तर क्लेम त्याच प्रमाणात कापला जातो. समजा हप्ता 20 हजार भरला, टॅक्सीसाठी तो 50 हजार लागला असता, आणि नुकसान 5 लाखांचं आहे. मिळणार 20 भागिले 50, म्हणजे 40 टक्के: 2 लाख. आणि ती कंपनी टॅक्सीचा विमा करतच नसेल, तर क्लेम शून्य, फक्त हप्ता परत.

पंचवीस टक्क्यांची गोष्ट हवेतून आलेली नाही, हे मान्य करायला हवं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये टॅक्सी म्हणून वापरलेल्या एका खासगी गाडीच्या चोरीच्या प्रकरणात मान्य रकमेच्या 75 टक्के देण्याचा आदेश कायम ठेवला. वापर कसाही असला तरी चोरीशी त्याचा संबंध नव्हता, हा त्यातला मुद्दा. 2010 मध्ये भाड्याने दिलेल्या खासगी गाडीच्या अपघातातही न्यायालयाने क्लेम पूर्ण नाकारणं चूक ठरवलं. पण ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेतला गेला, त्यांत ‘75 टक्क्यांपर्यंत’ असे शब्द आहेत. 75 ही वरची मर्यादा आहे, हक्काचा आकडा नव्हे. आणि दोन्ही प्रकरणांत कंपनीने आधी नकारच दिला होता. मालकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंतची वाट चालावी लागली.

थर्ड पार्टीबद्दलचं वाक्य मात्र सगळ्यात महागात पडू शकतं, कारण ते अर्धं बरोबर आहे. जखमी माणसाला पैसे मिळावेत म्हणून कायदा कंपनीला पुढे करतो, हे खरं. पण पुढे काय? भारताच्या मोटार वाहन कायद्यात कंपनीला जे मोजके बचाव आहेत, त्यांत परमिट नसलेली गाडी भाड्याने चालवणं हा एक आहे (आधी कलम 149, 2019 च्या दुरुस्तीनंतर 150). तो सिद्ध झाला की न्यायाधिकरण अनेकदा ‘आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतं. जखमीला 15 लाख मंजूर झाले, कंपनीने भरले, आणि मग तेच 15 लाख व्याजासकट मालकाच्या दारात आले. गाडी विकूनही ते फिटत नाहीत.

कळणार कोणाला? मोठ्या अपघातात सगळ्यात आधी कळतं ते पोलिसांच्या कागदातून. मागे बसलेला प्रवासी जबाबात सहज सांगतो, ‘ॲपवरून गाडी बुक केली होती.’ तो खोटं का बोलेल? त्यालाही भरपाई हवी असते. शिवाय नुकसान तपासायला आलेला कंपनीचा सर्व्हेयर ओडोमीटर बघतो; दोन वर्षांत सव्वा लाख किलोमीटर धावलेली ‘घरगुती’ गाडी स्वतःच बोलते. शंका आली की तपासनीस नेमला जातो आणि फेऱ्यांची नोंद मागवली जाते. क्लेम फॉर्मवर ‘अपघाताच्या वेळी वापर’ हा रकाना असतो. तिथे खोटं लिहिलं, तर मूळ अटीच्या भंगावर फसवणुकीचा आरोप आणखी चढतो.

प्रत्येक पैसे घेतलेली फेरी टॅक्सी ठरते असंही नाही. ऑफिसला जाताना सहकारी इंधनाचा वाटा देतात, तो खर्चाचा वाटा आहे, धंदा नव्हे. ब्रिटनमधल्या विमा कंपन्या हे मान्य करतात, अट एवढीच की नफा नको आणि गाडी आठपेक्षा जास्त प्रवाशांची नको. चौघांच्या प्रवासात 6 लिटर इंधन लागलं, तर चालक धरून प्रत्येकाचा वाटा दीड लिटरचा. तिघांकडून मिळून साडेचार लिटरचे पैसे घेतले तर ठीक. आठ लिटरचे घेतले तर तो मोबदला झाला. तुमची कंपनी याकडे कसं बघते, हे लेखी विचारलेलं बरं.

गाडी ॲपवर लावायचीच असेल, तर पहिली फेरी मारण्याआधी कंपनीला वापर बदलत असल्याचं लेखी कळवा आणि एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या त्या बदलाचा कागद, हातात आल्याशिवाय ॲप चालू करू नका. एंडोर्समेंटवरची तारीख आणि वेळ बघा, कारण संरक्षण तिथून पुढेच लागू होतं, मागे जात नाही. वाट पाहण्याचा वेळ त्यात धरला आहे का, हे शब्दांत वाचा. जिथे टॅक्सीसाठी वेगळी नोंदणी आणि परमिट लागतं, तिथे ते आधी करा. नुसती पॉलिसी बदलून भागत नाही. आणि गाडीवर कर्ज असेल, तर कर्जाच्या करारातही वापराची अट असते. तीही वाचा.