वर बघ, वर बघ!

परवा कुडाळजवळच्या एका वाडीत वास्तुशांतीचं जेवण होतं. पंगतीत मला सोलकढीचा ठसका लागला. एवढंच झालं. चुलत्यांच्या शेजारचे तात्या मात्र दोन दिवस झाले तरी ते गावभर सांगत फिरतायत, आणि तेही असं की जणू मी गेलोच होतो आणि त्यांनी मला यमाच्या रेड्यावरनं खाली ओढला.

तात्या माझ्या डाव्या हाताला बसलेले. त्यांनी कसलासा पाचकळ विनोद केला, माझ्या तोंडात सोलकढीचा घोट, मी हसलो. ठसका बसला तेव्हा मी सोलकढीत मिरची जास्त झालीय का याचा विचार करत होतो आणि तात्या उठून उभे होते. एका हाताने माझी हनुवटी धरून वर ढकलली, दुसऱ्या हाताने पाठीत धपाटे, आणि आवाज असा की पलीकडच्या पंगतीतला वाढपी भाताचं पातेलं घेऊन जागच्या जागी थांबला.

"वर बघ रे, वर बघ! माडार बघ!"

वर मांडवाचं निळं प्लॅस्टिक होतं, माड कुठला दिसणार. पण मला बोलता येत नव्हतं, श्वास आत घेताना नुसता कुत्र्याच्या पिल्लासारखा हूंऽऽ आवाज येत होता. "कोणीतरी आठवण काढल्यान ह्येची," असं तात्यांनी जाहीर केलं, आणि कोणी काढली असेल यावर पंगतीत चर्चा सुरू झाली. माझी बायको शेजारच्या ओळीत बसलेली, तिच्याकडे बघून दोघीतिघी हसल्या. ही चर्चा माझ्या फुप्फुसांच्या खर्चाने चालली होती हे कुणाच्या गावीही नव्हतं. वर "पाणी द्या रे ह्येका, पाणी!" म्हणजे आधीच जे चुकीच्या वाटेने गेलंय त्याच्यामागून आणखी एक तांब्या पाठवायचा.

रात्री चिडून वहिनीला फोन केला. ती स्पीच थेरपिस्ट आहे, आम्ही इतकी वर्षं समजत होतो की बोबड्या पोरांना नीट बोलायला शिकवते. तिचं अर्धं काम गिळण्याचं असतं हे तेव्हा कळलं. ती म्हणाली, कंठमण्यावर बोट ठेव आणि थुंकी गिळ. ठेवलं. तो टुणकन वर गेला आणि खाली आला. तेच सगळं, म्हणाली. घसा म्हणजे कोकण रेल्वेची सिंगल लाइन आहे, हवा आणि अन्न एकाच रुळावरून, एक जाताना दुसऱ्याने थांबायचं. गिळताना सेकंदभर, कधी त्याहूनही कमी, श्वास थांबतो. तेवढ्यात स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, जिभेच्या मुळाखाली जाऊन लपतं. स्वरपट्ट्या घट्ट मिटतात, त्यांच्यावरच्या खोट्या स्वरपट्ट्याही मिटतात, आणि सगळ्यात वर एपिग्लॉटिस नावाचं झाकण मागे वाकून स्वरयंत्राच्या तोंडावर पडतं. त्याच ओढीने अन्ननलिकेचं तोंड उघडतं, घास मागच्या बाजूने खाली जातो. मग बहुतेक वेळा आपण श्वास बाहेर सोडतो, म्हणजे दाराशी काही सांडलं असेल तर ते आत न जाता बाहेर फुंकलं जातं.

मला शाळेत शिकवलेलं की एक झाकण असतं आणि ते श्वासनलिका बंद करतं. वहिनी म्हणे झाकणाचं कौतुक जरा जास्तच झालंय. काही कॅन्सरच्या पेशंटचा एपिग्लॉटिस काढून टाकतात, तरी त्यातले बरेच जण सवयीने नीट गिळायला शिकतात. खरा शेवटचा दरवाजा स्वरपट्ट्यांचा. त्यांचं मुळातलं काम राखण करणं, गाणी आणि भांडणं हा नंतरचा जोडधंदा. आणि झाकणसुद्धा आपणहून पडत नाही, स्वरयंत्र वर आलं आणि जीभ मागे आली की वाकतं.

मग माझं काय झालं? हसताना हवा धक्क्याधक्क्याने बाहेर जाते, आणि हसू संपलं की माणूस जोरात श्वास आत ओढतो. त्या क्षणी स्वरपट्ट्या सताड उघड्या, स्वरयंत्र खालीच, झाकण उभं. सोलकढी पातळ, जिभेवरून कधी घसरली कळलंच नाही, ती हवेबरोबर आत. तिथे वेगस नावाच्या नर्व्हची एक फांदी पहाऱ्यावर असते, तिला आंबट-तिखट थेंब लागला की स्वरपट्ट्या धाडकन मिटतात आणि खोकला सुटतो. कधी त्या मिटल्या की लगेच उघडतच नाहीत, म्हणून तो हूंऽऽ. बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत सुटतं. म्हणजे मला जे भयंकर वाटलं ते माझंच स्वरयंत्र मला वाचवत होतं, आणि क्रेडिट तात्यांना.

आणि ते 'वर बघ'! बेशुद्ध माणसाला सीपीआर देताना डोकं मागे करून हनुवटी उचलतात, कारण त्याने श्वासाचा रस्ता मोकळा होतो. ठसक्यात तोच रस्ता मोकळा करून वर पाणी ओतायचं? शिवाय मान मागे ताणली की स्वरयंत्राला वर चढायला कठीण जातं. वाकायचं तर पुढे. माणूस खोकतोय, आवाज निघतोय, तर त्याला खोकू द्यावं, पाठ बडवू नये. आवाजच नाही, खोकला नाही, हात गळ्याशी, तर मग पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार फटके, नाहीच निघालं तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके, आणि निघेपर्यंत आलटून पालटून. तात्यांनी वाघाचा उपाय मांजरावर केला, बाकी काही नाही.

इथपर्यंत गंमत होती. मी फोनवर सहज म्हणालो की तात्या फुशारकी मारत होते, त्यांच्या दादांना अर्धांगवायू होऊन चार महिने झाले, "पण दादाक एकदा पण ठसको लागना नाय." वहिनीचा आवाज बदलला. खायला काय देतात? पेज. कशी? आडवं निजवून, मान मागे करून, चमच्याने. प्यायल्यावर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येतो का? ताप येऊन जातो का?

येतो. गेल्या महिन्यात कफ झाला म्हणून दोनदा औषध आणलेलं.

अर्धांगवायूनंतर ती पहाऱ्यावरची नर्व्ह बधिर झालेली असू शकते, म्हणाली. मग पाणी स्वरपट्ट्यांखाली उतरतं आणि खोकलाच येत नाही. न ठसकणं ही प्रकृती सुधारल्याची खूण धरायची नसते. आणि पेज आपल्याला सगळ्यात हलकी वाटते, पण ती अशा माणसाला अवघड, पाणी पुढे पळतं आणि भात मागे राहतो, तोंडाला एकाच वेळी दोन वेगवेगळी कामं.

सकाळी तात्यांना सांगायला गेलो. पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "तुका सोलकढी गिळाक येना नाय, नि तू माका शिकवतंस?" ओटीवरचे चारजण हसले. दादांच्या सुनेने मात्र पडवीत गाठून सगळं विचारून घेतलं, आता ती त्यांना खुर्चीत सरळ बसवते आणि भरवून झाल्यावरही अर्धा तास आडवं होऊ देत नाही. एक्सरेखाली बेरियम गिळायला लावून बघायची एक तपासणी असते, त्यात कुठे काय गळतंय ते चालू चित्रात दिसतं, आणि पातळ द्यायचं की दाट तेही त्यावरून ठरवतात. ती जवळपास कुठे होते म्हणून तालुक्याला विचारलं, तर खिडकीवरच्या माणसाने मलाच विचारलं, "गिळायची कसली तपासणी?" आता कोल्हापूरला फोन चालू आहेत. गाडीभाड्याचं बोलणं तात्यांशी करायचंय, ते मी सुनेवर सोडलंय.