पाण्यात गेलेली गाडी, फुल इन्शुरन्स आणि आमचा मेसेज

चिपळूणच्या आमच्या विमा ऑफिसला एका ग्राहकाने दोन स्टार दिले आणि लिहिलं : “मे महिना उजाडला की यांचे मेसेज सुरू : रिन्यूअल करा, पावसाळी नुकसानीचं कव्हर घ्या. गेल्या वर्षी फुल इन्शुरन्स असूनही पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या इंजिनाचे पैसे कंपनीने नाकारले. तेव्हा कोणी काही बोललं नाही, आता भीती घालून तेच विकतात.”

नमस्कार. तुमच्या क्लेमचे कागद इथे चारचौघांत उघडणं बरं नाही, ते ऑफिसात तुमच्यासमोर पाहू. आधी आमची चूक. ‘पावसाळी नुकसानीचं कव्हर’ असं वेगळं काही नसतंच. पूर, वादळ, तुंबलेलं पाणी, दरड, गाडीवर पडलेलं झाड, हे सगळं फुल इन्शुरन्सच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात पहिल्यापासून असतं आणि त्याला जादा पैसे लागत नाहीत. (माडावरून बॉनेटवर पडलेला नारळसुद्धा त्यातच.) मेसेजमधल्या शब्दांमुळे पावसासाठी वेगळं काही विकत घ्यायचं आहे असं वाटतं, म्हणून तो आम्ही बदलतोय. आणि गेल्या रिन्यूअलला इंजिनाबद्दलचा फरक तुम्हाला सांगितला गेला नसेल, तर तीही उणीव आमचीच.

आता तो फरक. उभ्या गाडीत पाणी शिरलं, सीट, कार्पेट, वायरिंग, स्टार्टर खराब झालं, तर ते पुराचं थेट नुकसान, आणि कंपनी ते देते. इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना कोणी चावी फिरवली, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅरेजवाले याला हायड्रो लॉक म्हणतात. कंपनीचं म्हणणं असं, की हे नुकसान पाण्याने नाही, पाण्यात इंजिन फिरवल्याने झालं. साध्या फुल इन्शुरन्समध्ये ते बसत नाही. पाण्यातून जाता जाता गाडी बंद पडली आणि रॉड वाकला, तरी सहसा हाच नियम लावतात.

सर्व्हेअरला हे कळतं कसं? डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी आत गेलं एवढंच समजतं. इंजिन उघडल्यावर एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबलेला दिसला, की रॉड वाकल्याचं नक्की होतं. नुसत्या उभ्या गाडीचा रॉड वाकत नाही. चावी फिरवलीच नसेल, तर बहुतेक वेळा प्लग काढून पाणी बाहेर घालवलं, ऑइल आणि फिल्टर बदलले, की इंजिन वाचतं.

आकड्यांत पाहू. समजा, १,२०० सीसीची साडेचार वर्षांची पेट्रोल गाडी डॅशबोर्डपर्यंत पाण्यात गेली आणि झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलेलं नाही. बिल ४०,००० रुपये. त्यात सफाई, सुकवणी आणि मजुरीचे १४,००० पूर्ण मिळतात. स्टार्टर, अल्टरनेटर असे धातूचे भाग १२,००० चे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूवर ३५ टक्के घसारा, म्हणून ७,८०० मिळतात. प्लास्टिक आणि रबराचे १०,०००, त्यांवर ५० टक्के घसारा, म्हणजे ५,०००. ऑइल, कूलंट वगैरेचे ४,००० मिळत नाहीत. बेरीज २६,८००, त्यातून १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीने वजा होणारे १,००० काढले, की हातात २५,८००. हे सगळं इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे जादा पैसे देऊन घ्यायचं इंजिन कव्हर, नसताना.

आता याच गाडीला चावी मारली आणि इंजिनाच्या भागांचे ८५,००० वर आले, तर साध्या पॉलिसीत त्यातलं काहीच मिळत नाही. इंजिन प्रोटेक्ट असेल तर मिळतात, पण झीरो डेप नसेल तर सहसा इथेही घसारा कापला जातो. ३५ टक्के धरले तर ५५,२५० उरतात. ‘इंजिन कव्हर घेतलं म्हणजे पूर्ण पैसे’ असं आमच्याकडच्या कोणी सांगितलं असेल, तर तेही अर्धंच सांगितलं.

हे कव्हर सगळ्यांनी घ्यावं असं आमचं म्हणणं नाही. घर चढावर असेल आणि भरतीच्या वेळी पाऊस लागला की तुम्ही बाजारपेठेत गाडी नेत नसाल, तर त्या पैशांत झीरो डेप जास्त उपयोगी पडेल. गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या इंजिन कव्हर देतही नाहीत. वाशिष्ठी नदीच्या काठी, सखल भागात रात्रभर गाडी उभी राहत असेल, तर मात्र विचार करा. मेसेज आधी पाठवण्याचं कारण एवढंच, की ही जोड सहसा रिन्यूअललाच मिळते, वर्षाच्या मध्ये नाही. पहिल्यांदा घेताना कंपनी गाडीची तपासणी किंवा फोटो मागू शकते. २०२१ च्या जुलैतले पुराचे फोटो आम्ही मेसेजला लावत नाही. चिपळूणकरांना ते दाखवायची गरज नाही.

ज्यावर खरोखर गोंधळ होतो ती गोष्ट तारखांची. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा येतो, ओन डॅमेज बहुधा १ वर्षाचा. पॉलिसीवर दोन तारखा असतात. लोक लांबची वाचून निर्धास्त राहतात, आणि दुसऱ्या जुलैत पाणी आलं की गाडीवर फक्त थर्ड पार्टी उरलेली असते. त्यातून स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. ओन डॅमेज संपून ९० दिवस गेले, तर नो क्लेम बोनसही जातो.

नवा मेसेज असा असेल : “आपल्या गाडीचा ओन डॅमेज विमा १८ जूनला मध्यरात्री संपतो. पुराचं आणि तुंबलेल्या पाण्याचं नुकसान यात आहे, वेगळं कव्हर लागत नाही. पाणी शिरलेलं इंजिन फिरवल्याने होणारा बिघाड यात नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट घ्यायचं का, ते आपण ठरवा. थर्ड पार्टीची तारीख वेगळी आहे, पॉलिसीवर पाहा.”

गाडी पुन्हा पाण्यात सापडली, तर चावी लावू नका, ढकलूनही चालू करू नका. नंबरप्लेट आणि पाण्याची रेघ एकाच फोटोत घ्या, पाणी ओसरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कंपनीच्या हेल्पलाइनवर क्लेम नोंदवा आणि गाडी टो करून न्या. खाडीचं पाणी शिरलं असेल, तर गॅरेजला तसं स्पष्ट सांगा. मिठाने वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडायला वेळ लागत नाही, ते लवकर गोड्या पाण्याने धुऊन सुकवावे लागतात.

तुमच्या क्लेमबद्दल शेवटचं. कंपनीकडे सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा आणि त्यात रॉड वाकल्याचं लिहिलं आहे का ते पाहा. रॉड सरळ असतील आणि तरी हायड्रो लॉकचं कारण दिलं असेल, तर नकाराला हरकत घेण्यासारखी आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही आणि मुदत १ वर्षाची असते. तुमच्या नकाराच्या पत्राची तारीख बघून घ्या. मुदत अजून शिल्लक असेल, तर पत्र घेऊन या, अर्ज आम्ही लिहून देतो.