एटीएमच्या एसीची वर्गणी

“सतरा रुपये सत्तर पैशांसाठी आलाय होय तुम्ही?”

काउंटरवरच्या मॅडमनी हे हळू विचारलं असतं तर हा लेख लिहिलाच गेला नसता. पण आमच्या शाखेत हळू बोलून भागत नाही. मध्ये काच आहे, काचेखाली स्लिप सरकेल एवढी फट आहे आणि डोक्यावर खडखडणारा पंखा. त्यामुळे माझी मागणी पैशांसकट रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली. मागे कुणीतरी हसलं. पाठ होती म्हणून चेहरा दिसला नाही, पण आता साताऱ्यात ओळखीचा कुणीही हसला की मला संशय येतो.

खातं आईचं आणि माझं जॉइंट आहे. अडीअडचणीला असावेत म्हणून त्यात बारा हजार ठेवलेत आणि आम्ही त्यांना हात लावत नाही. सध्याच्या अडीच टक्क्यांनी वर्षाचं व्याज तीनशेच्या आसपास होतं. रिटर्न भरण्यासाठी तो आकडा हवा होता, म्हणून वर्षभराचं स्टेटमेंट काढलं, तर शिल्लक वाढायच्या ऐवजी घटलेली. न हात लावलेले पैसे आपोआप कमी होताना पाहिले की माणूस आधी घरच्यांवर संशय घेतो. मी आईला विचारलं. आईने मला विचारलं. शेवटी पीडीएफमध्ये शोधायच्या चौकोनात आधी `CHRG`, मग `AMC`, मग `FEE` टाकून पाहिलं आणि चोर सापडला. चोर म्हणू नये म्हणा, त्याने पावती दिली होती.

दर तिमाहीला पंधरा रुपये एसएमएसचे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सतरा सत्तर. वर्षाचे झाले सत्तर रुपये ऐंशी पैसे. कार्डाचे वर्षाला दोनशे, जीएसटी धरून दोनशे छत्तीस. आणि खातं जॉइंट असल्यामुळे कार्डं दोन. आईचं कार्ड हळदीकुंकवाच्या डब्याखाली पाकिटातच आहे, पिनचं पाकीटही फोडलेलं नाही. बँकेला त्याचं काही नाही, कार्ड दिलं की फी लागू. सगळं मिळून पाचशे बेचाळीस रुपये ऐंशी पैसे गेले होते. म्हणजे व्याजाचे तीनशे बँकेने परत घेतलेच, वर मुद्दलातले दोनशे बेचाळीस उचलले. यातली खुबी अशी की हे सगळं एकदम कापत नाहीत. एसएमएसचे तिमाहीला, माझ्या कार्डाचे ते ज्या महिन्यात दिलं त्या महिन्यात, आईच्या कार्डाचे तिच्या महिन्यात. पाचशे एकदम गेले असते तर आईने बँकेच्या दारात बैठक मारली असती. सतरा सत्तरला कोण उठतो?

मी उठलो. आणि नेमकं तेव्हाच काकांनी तोंड उघडलं.

हे काका प्रत्येक शाखेत असतात. पासबुक छापायच्या मशीनशेजारची खुर्ची त्यांची. काम झालं तरी ते उठत नाहीत, कारण मशीनमध्ये पासबुक उलटं घालणारं कुणीतरी येतंच आणि त्याला सुलटं सांगायची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतलेली असते. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकचं कव्हर घातलेली, रबरबँडने बांधलेली पासबुकं.

“अहो, सतरा रुपयांत चहासुद्धा येत नाही दोघांचा,” काका सगळ्यांना उद्देशून म्हणाले. “बँकेनं मेसेज फुकट का पाठवायचे?”

मी म्हटलं, “काका, फुकट पाठवतातच की. कर्ज घ्या म्हणून आठवड्याला येतात, वाढदिवसाला येतात, दिवाळीला येतात. त्याचे पैसे नाहीत. पैसे फक्त माझेच पैसे गेल्याचं मला कळवायचे.”

“कळवतात ना? मग!”

“काय कळवतात? माझ्या खात्यात बहुतेक तिमाह्यांत दोनच मेसेज. एक व्याज जमा झाल्याचा आणि दुसरा मेसेजचे सतरा सत्तर कापल्याचा.”

यावर रांगेतले दोघं माझ्या बाजूने झाल्यासारखे वाटले. काकांना ते आवडलं नाही. त्यांनी रबरबँड सोडला, वरचं पासबुक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यासमोर धरलं. “हे बघा. माझेही दोनशे छत्तीस कापतात. दरवर्षी. मी कधी बोललोय?”

ओळ होती `ATM AMC`.

“मी सांगतो तुम्हाला हे काय असतं,” काका म्हणाले. “हा एटीएमचा एसी. एवढ्याशा खोलीत चोवीस तास चालतो. त्याला वीज लागते. ती वीज बँकेनं कुठून आणायची? सगळ्या खातेदारांनी वर्गणी द्यायची.”

मी एकदा मॅडमकडे पाहिलं. मॅडम कीबोर्डकडे पाहत होत्या, पण खांदे हलत होते.

“काका, ही कार्डाची वर्षाची फी आहे. एसीचा काही संबंध नाही.”

“मी कार्ड वापरतच नाही. माझं कार्ड बँकेतल्या लॉकरमध्ये आहे. मग कार्डाची फी कशी असेल? एसीचीच असणार.”

तर्काला तोड नव्हती. मी खूप वेळ, खरंच मनापासून, प्रयत्न केला. म्हटलं, कार्ड नको असेल तर लेखी देऊन बंद करता येतं. ग्राहकाच्या गळ्यात डेबिट कार्ड मारायचं नाही आणि दुसरी कुठली सोय हवी तर कार्ड घ्याच असंही म्हणायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशात लिहून ठेवलंय. नाहीतर बेसिक बचत खातं करून घ्या. त्यात किमान शिल्लक नाही, कार्ड फुकट, कार्डाला वार्षिक फी नाही. महिन्याला पैसे काढायच्या वेळांवर मर्यादा असते आणि त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, पण तुम्ही तर कार्ड लॉकरमध्ये ठेवता, तुम्हाला मर्यादेचं काय.

काकांचा चेहरा पडला. “बेसिक?” ते म्हणाले. “आमचं प्लॅटिनम आहे.”

हे त्यांना कसं कळलं, तर आधीचं साधं कार्ड मुदत संपून बदललं तेव्हा पोस्टाने जे आलं त्यावर तसं लिहिलेलं होतं. मागितलं नव्हतं. नूतनीकरणाचं कार्ड पाठवण्याआधी नको म्हणायची संधी ग्राहकाला द्यायची असते, पण काकांना कुणी विचारलं नव्हतं, आणि साध्याचं प्लॅटिनम झालं की फीही चढू शकते. काकांना हा सन्मान वाटला होता. घरात दाखवूनही झालं होतं.

इथे माझा विनोद संपतो, खरं सांगायचं तर. कारण तो माणूस मूर्ख नाही. आयुष्यभर नोकरी करून पै-पै जपलेली आहे, भाजीवालीशी कोथिंबिरीच्या दोन रुपयांसाठी घासाघीस करत असणार. पण भाजीवाली समोर असते, तिच्याशी भांडता येतं. इथे ओळ अशी लिहितात की वाचणाऱ्याला एसी वाटावा, आणि विचारलं तर उत्तर येतं, “आम्ही नाही कापत, सिस्टीम कापते.”

मलाही तेच उत्तर मिळालं. वर मॅडम म्हणाल्या, “एसएमएस बंद करता येत नाही. आरबीआयचा नियम आहे.”

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त त्रासदायक आहे. इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी ग्राहकाची एसएमएसला नोंदणी करून घ्या, असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये बँकांना सांगितलं, आणि ते आपल्याच भल्याचं आहे. आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे उडवले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान आपल्या माथी येत नाही. मेसेजच बंद केला तर कळणार कसं? तेव्हा तो बंद करा असं मी म्हणतच नव्हतो. माझं म्हणणं एवढंच होतं की 2013 च्या नोव्हेंबरात त्याच रिझर्व्ह बँकेने एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्या असं बँकांना कळवलंय. काही बँका मेसेजमागे पंधरा, वीस, पंचवीस पैसे घेतात. त्या हिशेबाने माझ्या दोन मेसेजचे फार तर आठाणे होतात, कर वेगळा. पंधरा रुपये कशाचे?

“वरून ठरतं,” मॅडम म्हणाल्या.

कार्डाच्या बाबतीत त्या जरा मऊ होत्या. मी ॲपवरून आईचं कार्ड आधीच ब्लॉक केलं होतं आणि खूश होतो, पण त्यांनीच सांगितलं की ब्लॉकने कार्ड फक्त चालायचं थांबतं, खात्यावरची त्याची नोंद तशीच राहिली तर फी पुन्हा लागू शकते. कार्ड बंद करा, नवीन पाठवू नका, असा दोन्ही खातेदारांच्या सहीचा अर्ज द्या आणि कार्ड जमा करा. माझं कार्ड मात्र मी ठेवलं. त्या खात्याचा यूपीआय पिन विसरलो तर नवा पिन लावताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे विचारतात. आधारच्या ओटीपीनेही होतं, पण त्यासाठी आधारला जोडलेला नंबर चालू हवा आणि माझा आधारचा नंबर ही एक स्वतंत्र कादंबरी आहे, तिला पुन्हा कधीतरी.

एसएमएसच्या आकारणीबद्दल मी लेखी तक्रार लिहून आणली होती, दोन प्रतींत. वर्षभरातल्या मेसेजची संख्या, कापलेली रक्कम, 2013 च्या परिपत्रकाचा उल्लेख, फरक परत द्यावा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच हवी होती, कारण बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं तरच `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येतं. तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, पण बँकेला आधी लिहिल्याचा पुरावा लागतो.

पोच म्हटल्यावर मॅडमचा आवाज पहिल्यांदा खाली गेला. शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतो, म्हणाल्या. साहेब रीजनल ऑफिसला गेलेत. ठेवून जा, देऊ नंतर. मी नाही म्हटलं आणि तिथेच उभा राहिलो. रांग माझ्या दोन्ही बाजूंनी ओढ्यासारखी पुढे सरकू लागली.

तेवढ्यात काका उठले. माझ्याकडून पेन मागून घेतलं, डिपॉझिट स्लिपच्या पाठीमागे चार ओळी खरडल्या आणि काचेच्या फटीतून आत सरकवल्या. मी वाकून वाचलं. ‘मे. शाखाधिकारी यांस. मी दरवर्षी न चुकता एटीएमच्या एसीची वर्गणी रु. 236 भरत असूनही बाहेरचा एसी गेले दोन उन्हाळे बंद आहे. तरी त्वरित दुरुस्ती व्हावी.’

मॅडमनी वाचलं, काकांकडे पाहिलं, शेजारच्या टेबलावरचा शिक्का उचलला आणि त्यावर दाणकन मारला.

“झेरॉक्स काढून आणा काका,” त्या म्हणाल्या, “पोच देते.”