फोनचा रिमोट बंद पडला, याबद्दल आमचं उत्तर

रिव्ह्यू (१ स्टार): "टीव्हीला मिनी पीसी लावून दिला, फोनच माऊस-कीबोर्ड होईल म्हणाले. महिन्याभरात बंद. फोनवर सर्व्हर सापडत नाही येतं, बाबांना साधं पॉज करता येत नाही. बेकार अ‍ॅप लावून पैसे घेतले."

नमस्कार सर. काल कोथरूडला तुमच्या घरी आमच्या दुकानातला मुलगा जाऊन आला तेव्हा मी फोनवर होतो, त्यामुळे नेमकं काय झालं ते सांगतो. अ‍ॅपही ठीक आहे आणि पीसीही. मधे तुमचा इंटरनेटवाला नवीन राऊटर बसवून गेला, घोळ तिथून सुरू झाला.

फोन थेट टीव्हीशी बोलत नाही, तो घरातल्या राऊटरमधून पीसीवरच्या युनिफाइड रिमोट या अ‍ॅपच्या सर्व्हरशी बोलतो. आम्ही सेटअप केला तेव्हा विंडोजला सांगितलं होतं की हे घरचं नेटवर्क आहे, या अ‍ॅपला आत येऊ दे. राऊटर बदलला की विंडोजला ते अनोळखी नेटवर्क वाटतं, ते त्याला Public network धरतं आणि मग फायरवॉल फोनला दारातच अडवतो. पीसीला लॅन केबल आहे म्हणून नेट मात्र चालूच राहिलं, काकांचं कीर्तन टीव्हीवर व्यवस्थित चालू होतं आणि हातातल्या फोनने ते थांबत नव्हतं, त्यामुळे अ‍ॅपच खराब आहे असं कुणालाही वाटेल.

मुलाने आधी दोन्हीकडचा आयपी बघितला. फोनला 192.168.0.104 आणि पीसीला 192.168.0.102, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे, दोघं एकाच नेटवर्कवर. हे आकडे वेगळे असते तर फोन गेस्ट वायफायला जोडला गेलाय का ते आधी बघावं लागलं असतं. मग Settings मधे Network & internet, त्यात Ethernet, तिथे Public network होतं ते Private network केलं आणि अ‍ॅपमधे परत सर्च मारल्यावर पीसी लगेच सापडला. कुणी सांगितलं तरी फायरवॉल पूर्ण बंद करू नका सर, त्याची काही गरज नाही.

आता चूक आमची. हे सगळं करायला पीसीवर माऊस लागतो, आणि तुमच्याकडे तर माऊस म्हणजे तो फोनच, म्हणजे फोनचं कनेक्शन तुटलं की घरात दुरुस्त करायला हातात काहीच नाही. काकांना किती दिवस टीव्ही मेन स्विचने बंद करावा लागला ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं. पीसी देतानाच एक साधा यूएसबी माऊस द्यायला हवा होता, तो काल टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमधे ठेवलाय, त्याचे आणि व्हिजिटचे पैसे घेतलेले नाहीत. परत राऊटर बदलला तर तो माऊस लावा आणि दुकानात फोन करा, फोनवरच करून देतो.