पुढं एकवीस, मागं चौदा

कंपनीचं उत्तर काल आलं. माझ्या 'अमूल्य अभिप्रायाबद्दल' मनःपूर्वक आभार, आणि पुढच्या खरेदीवर पन्नास रुपये सूट. पुढची खरेदी कशाची, तर त्याच चिवड्याची! पाकिटावर पुढं एक आकडा आणि मागं दुसराच छापलाय, अशी तक्रार करणाऱ्याला तेच पाकीट स्वस्तात. कुठला आकडा खरा, याबद्दल चकार शब्द नाही.

प्रकरण साधं आहे. राजारामपुरीतल्या दुकानातून 'प्रोटीन चिवडा' आणला. दीडशे ग्रॅम, नव्वद रुपये. समोर फुगवलेल्या दंडाचं चित्र, शेजारी बोटभर उंच अक्षरांत '२१ ग्रॅम प्रोटीन' आणि खाली नाजूक अक्षरांत 'प्रति १०० ग्रॅम'. मागच्या पोषणाच्या तक्त्यातही हिशेब शंभर ग्रॅमचाच, पण तिथं प्रोटीन १४.२ ग्रॅम. कोल्हापुरात राहून माणसाला प्रोटीनसाठी चिवडा खावा लागतो ही मुळातच शरमेची गोष्ट. पण तांबड्या-पांढऱ्यावर डॉक्टरांची नजर आणि अंड्यावर बायकोची. दोन्ही वाटा बंद. तर ते असो.

ईमेलला यंत्रानं उत्तर दिलं आणि यंत्रानंच तक्रार 'निकाली' काढली. तेव्हा म्हटलं, आता कागदच पाठवू, स्पीड पोस्टानं. मजकूर घेऊन भाऊसिंगजी रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. सोबत दोन पाकिटं होती. एक फोडलेलं, दुसरं त्याच बॅचचं, सीलबंद. ते मुद्दाम घेतलं होतं, कारण उद्या कोणी म्हणालं की फोडलेल्या पाकिटाचं काय सांगता, तर हातात काहीतरी हवं.

दुकानातला पोरगा टाइप करायला लागला. बाकावर सातबाराच्या झेरॉक्स काढायला आलेले एक धोतर-टोपीतले गृहस्थ बसले होते. गावाकडच्या दूध संस्थेत त्यांनी उभा जन्म टेस्टर म्हणून काढलेला. पोरगा त्यांना नाना म्हणत होता, म्हणून मीही नाना म्हणालो. मी सांगत असलेल्या मजकुरात 'फॅट २२.८' असं आलं आणि नानांनी मान वर केली.

"कशाची फॅट?"

"चिवड्याची."

"बावीस? म्हशीला सहा लागली तर आम्ही मालकाचा हात हातात घेतो. बघू हिकडं."

त्यांनी फोडलेलं पाकीट घेतलं. मला वाटलं, तक्ता वाचतील. त्यांनी मूठभर चिवडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, "तेल हाय. प्रोटीन लागत न्हाई."

"नाना, प्रोटीन चवीला लागत नसतं."

"मग तुमाला कसं कळलं कमी हाय?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, मला इतकंच कळलंय की दोनातला एक आकडा खोटा आहे; कुठला, ते कंपनीनं सांगायचं. यावर नाना हसले, आणखी एक मूठ घेतली आणि पोराचा कॅल्क्युलेटर ओढला. "कंपनी कशाला? आकडं आपसात बोलत्यात. वाचा."

मी त्यांना एवढंच सांगितलं की एक ग्रॅम प्रोटीनच्या चार कॅलरी धरतात, कर्बोदकाच्याही चार आणि फॅटच्या नऊ. पुढचं सगळं नानांनी केलं. तक्त्यात ऊर्जा ४७० किलोकॅलरी, कर्बोदकं ५२ ग्रॅम, फॅट २२.८. बावन्न चोक दोनशे आठ. फॅटचे नऊ पट दोनशे पाच. चौदा पॉइंट दोन चोक सत्तावन्नला जरा कमी. बेरीज बरोबर चारशे सत्तर. "आता एकवीस घालून बघू," म्हणाले. बेरीज गेली चारशे सत्त्याण्णववर. "मागचा बरोबर जमतोय. पुढचा पाहुणा हाय."

तक्त्यात तंतू किंवा साखरेची अल्कोहोलं वेगळी दाखवलेली असली की हा हिशेब इतका नेमका जमत नाही आणि थोडाफार फरक पडतोच. पण इथं तसलं काही नव्हतं आणि सत्तावीस कॅलरी म्हणजे थोडाफार नव्हे. मी मनातल्या मनात नानांना साष्टांग घातला. तेवढ्यात ते म्हणाले, "पर एकवीस आला कुठनं? उगंच न्हाई येत आकडा." पाकीट उलटं केलं, वजन वाचलं आणि १४.२ ला दीडनं गुणलं. एकवीस पॉइंट तीन.

म्हणजे अख्ख्या दीडशे ग्रॅमच्या पाकिटातलं प्रोटीन पुढं छापलं आणि खाली लिहिलं 'प्रति १०० ग्रॅम'.

दुकानात क्षणभर शांतता. मग नाना उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "तरी खात्री करू. मिक्सरला लावून पाण्यात कालवू आन् संस्थेच्या मशीनवर घालू. फॅट, एसएनएफ, प्रोटीन, सगळं चाळीस सेकंदात."

ते मशीन दुधासाठी बेतलेलं असतं, चिवड्याचं पाणी घातलं तर वाट्टेल तो आकडा येईल, असं मी परोपरीनं सांगितलं. प्रयोगशाळेतसुद्धा प्रोटीन सहसा थेट मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि बहुतेक अन्नाला त्याला ६.२५ नं गुणतात. नाना म्हणाले, "म्हंजे त्येबी अंदाजच की," आणि याचा त्यांना मनापासून आनंद झाला. त्या आनंदात त्यांनी दुसरं पाकीट फोडलं.

सीलबंद. त्याच बॅचचं. माझा पुरावा.

"नाना!"

"ते संपलं हुतं," ते म्हणाले, आणि पोरापुढंही धरलं. पोरानं की-बोर्डवरचा हात काढला, शर्टाला पुसला आणि मूठभर चिवडा घेतला. की-बोर्डच्या 'स्पेस'मध्ये एक डाळं गेलं. त्यानंतर माझ्या पत्रात बरेच शब्द एकमेकांना चिकटून आले आहेत.

चिडून उपयोग नव्हता, कारण खरं सांगायचं तर या भांडणात सीलबंद पाकिटाची तितकीशी गरजच नाही. आत प्रोटीन किती हा वाद असेल तर प्रयोगशाळा लागते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार ग्राहकही फी भरून तपासणी करून घेऊ शकतो, पण खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. आमच्या दुकानदाराला हे सांगितलं असतं तर त्यानं उधारीची वही काढून आधी माझीच तपासणी केली असती. इथं मात्र दोन्ही आकडे एकाच कागदावर छापलेत. लेबल लेबलालाच खोटं पाडतंय. पुढचा आणि मागचा भाग, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक नीट दिसेल असे फोटो, आणि बिल. एवढ्यावर काम भागतं.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. हे खोटं त्यांना बोलायची गरजच नव्हती. आपल्याकडच्या दाव्यांच्या नियमांत घन पदार्थावर 'हाय प्रोटीन' लिहायचं तर शंभर ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या वीस टक्के प्रोटीन असलं की पुरतं. प्रौढ पुरुषाची ती गरज ५४ ग्रॅम धरली, तर अकरा ग्रॅमला जरा कमी. यांच्याकडं चौदा आहे! राजरोस 'हाय प्रोटीन' लिहून मोकळे झाले असते. पण १४ हा आकडा त्या फुगवलेल्या दंडाशेजारी बारीक दिसला असणार. शिवाय पोहे घटकांच्या यादीत पहिले आहेत, म्हणजे वजनानं तेच सगळ्यांत जास्त, आणि शंभर ग्रॅम पोह्यांत प्रोटीन सातेक ग्रॅम. पोह्यांच्या चिवड्यातून एकवीस काढायचं तर निम्मे पोहे काढून शेंगदाणे आणि सोयाच भरायला हवं. नुसत्या शेंगदाण्यात शंभराला पंचवीसच्या आसपास असतं, आणि त्यावर कोणी दंड छापत नाही.

जो मागचा तक्ता वाचतो तो सहसा पुढच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि जो पुढचा वाचून घेतो तो पाकीट उलटंच करत नाही. पुढचा आकडा बोटाएवढा, मागचा मुंगीच्या पायाएवढा. ही रचना ज्यानं केली त्याला हे दोघे एकमेकांना कधी भेटणार नाहीत याची पक्की खात्री आहे.

तर पत्र. मी मोजून तीन प्रश्न लिहून आणले होते. दोनातला खरा आकडा कुठला? तो प्रयोगशाळेच्या अहवालातून आला की घटकांच्या हिशेबातून? आणि चुकीचं वेष्टण बाजारातून आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरून कधी काढणार? पैसे मुद्दाम मागितले नव्हते. नव्वद रुपये मागितले की कंपनी नव्वद देते आणि फाइल बंद करते. प्रश्नाला उत्तर देणं त्यांना त्याहून महाग पडतं.

घरी येऊन प्रत वाचली तेव्हा खाली एक जादा परिच्छेद दिसला. 'सबब, सदर बाबीमुळे मला झालेल्या आर्थिक व मानसिक त्रासापोटी योग्य ती भरपाई मिळावी, ही नम्र विनंती. आपला कृपाभिलाषी.' मूळ पत्र तोवर पोस्टात पडलं होतं. पोराला जाऊन विचारलं तर म्हणाला, "सर, अर्जाला शेवट लागतोय की. नानाच म्हनले, मोकळं सोडू नको." आणि त्या परिच्छेदाचे वेगळे दहा रुपये घेतलेच होते.

कंपनीनं अर्थातच पत्रातला तेवढाच भाग वाचला.

आता अन्न व औषध प्रशासनाकडं अर्ज करतोय, भरपाई वगळून, हातानं लिहून. तोवर ग्राहकांसाठीच्या एका मदत क्रमांकावरही फोन लावला. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "किती रक्कम अडकलीय?" मी म्हणालो, रक्कम नाही, शंभर ग्रॅमला सहा पॉइंट आठ ग्रॅम प्रोटीन अडकलंय. त्या म्हणाल्या, रकमेचा रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी म्हणालो, बरं, नव्वद लिहा.

"नव्वद हजार?"